हरवलेल्या आराखड्याचं वर्णन

बावीस वर्षं ज्या माणसाने लोकांच्या हरवलेल्या छत्र्या सांभाळल्या, त्याला उद्या लोकांची हरवलेली संभाषणं सांभाळायला बसवलं तर तो काय करेल? छत्र्यांचं जे केलं तेच करेल. काकांनी तेच केलं, आणि त्यावरून एका मंगळवारी ऑफिसात बरंच रामायण घडलं.

काका पूर्वी बस स्थानकात ‘हरवले-सापडले’ अशी पाटी लावलेल्या खिडकीमागे बसत. नवं स्थानक झालं, त्यात ती खिडकी राहिली नाही, आणि चोपन्नाव्या वर्षी काका रिकामे झाले. महिनाभर घरातली कपाटं लावून झाल्यावर बायकोनेच जाहिरात दाखवली. एका कंपनीला मराठी पत्रांना उत्तरं देणारी माणसं हवी होती. कंपनी एक मदतनीस चालवायची. माणूस नव्हे, संगणकातला. त्याच्याशी लिहून बोलायचं, तो उत्तरं देतो, मसुदे करून देतो. तो अडला की लोक सहाय्य विभागाला पत्र लिहीत. आलेल्या प्रत्येक पत्राला तिथे तिकीट म्हणत. “म्हणजे जन्मभर तिकिटं चुकली नाहीत,” असं म्हणून काका पहिल्याच दिवशी सगळ्यांना आवडले.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत सात टेबलं होती. काकांचं टेबल खिडकीजवळ, समोर दातांच्या दवाखान्याची पाटी. शेजारी जाड भिंगांची एक मुलगी बसे, तिला सगळे चष्मेवाली म्हणत आणि तीही ओ देई. गटप्रमुख बाई काकांच्या मुलीएवढ्या. काका त्यांना ताई म्हणत, त्या यांना काका म्हणत, आणि कामाची वेळ आली की कोण मोठं हे दोघांनाही नीट ठाऊक असे.

खिडकीमागच्या बावीस वर्षांनी काकांना एक सवय लावली होती. वस्तू आधी दाखवायची नाही. आधी वर्णन. कुणी म्हणालं, “काळी छत्री,” तर काका विचारत, “दांडी?”

“वाकडी.”

“सगळ्यांच्याच वाकड्या असतात साहेब. तुमचीचं वेगळं काय?”

मग माणूस डोळे मिटून आठवायला लागे, आणि तिसऱ्या काडीला बायकोने निळ्या दोऱ्याने घातलेला टाका त्याला आठवे. या पद्धतीने बावीस वर्षांत एकही वस्तू चुकीच्या हातात गेली नाही. एकदाच काका हरले. कवळी शोधत आलेल्या एका आजोबांचं वर्णन त्यांना कळेना, कारण आजोबा ते कवळीशिवाय करत होते.

तर त्या मंगळवारी सकाळी एक पत्र आलं.

‘माननीय सहाय्य विभाग,’ असं सुरू करणारी माणसं आता विरळाच. काका खुर्चीत सरसावून बसले. लिहिणारी विद्यापीठात संशोधन करत होती. दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात अनोळखी माणसं एकमेकांशी काय बोलतात, हा तिचा विषय. पाच महिने ती वेगवेगळ्या दवाखान्यांत वही घेऊन बसली होती. प्रबंधाचा आराखडा ती मदतनिसाशी बोलत बोलत रचत होती. निम्मा झाला होता. काल विभागातला संगणक अपडेटसाठी आपोआप बंद होऊन सुरू झाला, आणि पाहते तर ते संभाषण यादीत नाही. ‘शुक्रवारी बारा वाजता आराखडा समितीपुढे ठेवायचा आहे. नाही ठेवला तर पुढची बैठक सहा महिन्यांनी. माझे मार्गदर्शक शांत माणूस आहेत, पण इतकेही नाहीत. कृपया शोधून द्या.’

काकांनी उत्तर लिहिलं. विचारायच्या चार गोष्टी त्यांना पाठ होत्या. तुम्ही नेहमीच्याच ईमेलने आत आला आहात का? संभाषण संग्रहात हलवलं गेलं आहे का, ते पाहिलंत का? ते तात्पुरत्या स्वरूपात सुरू केलं होतं का? चुकून काढून तर टाकलं नाही ना? चार प्रश्न झाले, आणि हात थांबायचा तो थांबला नाही. त्यांनी पाचवा मुद्दा लिहिला: ‘हरवलेल्या आराखड्याचं जमेल तितकं सविस्तर वर्णन करावं. प्रकरणं किती, कशानंतर काय, कुठे थांबला होतात. म्हणजे ओळख पटवणं सोपं जाईल.’

पत्र गेलं. काका समाधानाने चहा प्यायले.

दुपारी ताई त्यांच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. त्या दिवसभरातली काही पत्रं तपासत, त्यात हे सापडलं होतं.

“काका, ओळख कुणाला पटवणार?”

“म्हणजे?”

“तिने वर्णन केलं, तर तुम्ही ते कशाशी ताडून बघणार?”

काका सवयीने मागे वळले. हरवलेल्या वस्तूंचं फडताळ इथे नव्हतंच. लोकांची संभाषणं या खोलीत कुणालाही दिसत नसत. ती त्यांची खासगी. खातं कधी उघडलं, चालू आहे की बंद, एवढंच इथे कळे. पहिल्या आठवड्यात हे तीन वेळा शिकवलं होतं, काकांनी वहीत लिहूनही घेतलं होतं.

“हात गेला हो ताई,” काका म्हणाले. “बावीस वर्षांचा हात आहे.”

“हात तुमचा आहे, पण वेळ त्या मुलीचा आहे. आणि लोकांनी आपल्याला मजकूर पाठवावा, असं आपण कधीच सांगत नाही. लगेच कळवा, वर्णन नको म्हणून.”

काका क्षमेचं पत्र लिहायला बसले. ‘क्षमस्व’ लिहून पुढचं वाक्य जुळवताहेत तोवर तिचं उत्तर येऊन थडकलं. चार पानांचं.

पहिल्या तीन ओळींत प्रश्नांची उत्तरं होती. ईमेल तोच. संग्रहात नाही. ‘तात्पुरतं होतं. विभागातला संगणक सगळे वापरतात, आणि माझ्या शेजारी बसणाऱ्या एकीला दुसऱ्याचे विषय फार लवकर आवडतात. यादीत दिसू नये म्हणून मी मुद्दाम तसं सुरू केलं.’

काकांनी मान खाली घातली. मग झालंच. तात्पुरत्या संभाषणाची यादीत नोंदच होत नसे, आणि पडद्यावरची खिडकी बंद झाली की ते परत उघडता येत नसे. सोय त्यासाठीच होती. मुलीने खजिना पुरून ठेवला होता, फक्त जमिनीऐवजी पाण्यात.

आणि खाली साडेतीन पानं वर्णन. पहिलं प्रकरण, कोण कुठे बसतं: दाराजवळची खुर्ची घाई असलेल्याची, भिंतीकडची सवय झालेल्याची. दुसरं, पहिलं वाक्य: ‘तुमचा नंबर कितवा?’ हा प्रश्न नव्हे, ती ओळख. तिसरं, दुखण्यांची देवाणघेवाण, आणि आपलं दुखणं लहान निघालं की माणूस हिरमुसतो त्याबद्दल. मग लिहिलं होतं: ‘चौथं काहीतरी तौलनिक होतं, मदतनिसाने सुचवलेलं. नीट आठवत नाही. माझा आराखडा इथेच थांबला होता. पण आता लिहितेय तर वाटतं, पुढे यायला हवं ते नाव पुकारल्यानंतरचं. अर्धा तास बोललेली माणसं निरोप न घेता उठून जातात. आणि शेवटी, तपासून बाहेर येणाऱ्याकडे बसलेले सगळे कसे बघतात.’

‘संभाषण परत मिळणार नाही’ असं उत्तर जायचं असेल, तर ते शेजारच्याने आधी वाचायचं असा तिथला नियम होता. काकांनी तसं उत्तर लिहून चष्मेवालीला हाक मारली. तिने मुलीचं पत्र वाचलं, काकांचं उत्तर वाचलं, परत मुलीचं वाचलं.

“काका, तुम्ही काय मागवलं होतंत?”

“वर्णन. माझंच चुकलं, आता ताईंनीही...”

“वर्णन कुठंय हे? हा तर मालच आला!”

काकांनी पुन्हा पाहिलं. छत्रीचं कितीही वर्णन केलं तरी त्याने डोकं झाकलं जात नाही. पण आराखड्याचं नीट वर्णन केलं, तर ते वर्णन म्हणजे आराखडाच.

त्यांनी उत्तर बदललं. पण पहिलं वाक्य तेच ठेवलं. खिडकीवर ते वस्तू नसेल तर ‘आलं नाही’ असं एका दमात सांगत. उगाच वही उलटत बसून माणसाला आशेला लावत नसत. ‘आपलं संभाषण परत मिळणार नाही. ते तात्पुरतं होतं आणि ते आम्हालाही दिसत नाही. त्यामुळे मी वर्णन मागायला नको होतं. ती माझी चूक, क्षमस्व. मात्र आपण पाठवलेलं पत्र एकदा स्वतः वाचून पाहावं. त्यात पाच प्रकरणं क्रमाने लागली आहेत असं वाटतं. मी त्या विषयातला नाही.’

ताईंनी वाचून मान हलवली, पत्र गेलं. दहा मिनिटांत दोन ओळींचं उत्तर आलं: ‘म्हणजे मी जेवण सोडून दीड तास उगाच लिहीत बसले? धन्यवाद.’ त्यातला धन्यवाद काकांना पानभर शिव्यांपेक्षा जास्त लागला. मग तिकडून काहीच नाही. बुधवारी नाही, गुरुवारी नाही.

गुरुवारी घरी काकांनी भात दोनदा वाढून घेतला आणि दोन्ही वेळा तसाच ठेवला. बायकोने खोदून विचारलं, ऐकलं आणि हसत सुटली.

“मागच्या महिन्यात तुमचा चष्मा हरवला, तेव्हा मलाच वर्णन विचारत होतात. कपाळावर होता तुमच्या.”

“थट्टा सुचते तुला. तिचे सहा महिने जातील.”

“जे हरवलं ते तुम्ही हरवलंत का?”

“नाही.”

“मग जेवा.”

शुक्रवारी बारा वाजले, एक वाजला. काका दर पाच मिनिटांनी यादी ताजी करत होते. “काका, ते बटण झिजेल,” चष्मेवाली म्हणाली. पावणेतीनला पत्र आलं.

‘माननीय काका,’ असं त्यात होतं. तिला हे नाव कुठून कळलं? काकांनी उत्तराखाली सवयीने तेच टाकलं होतं. ‘मंगळवारी रागात लिहिलं, माफ करा. रात्री राग उतरल्यावर माझंच पत्र वाचलं. त्याला मथळे दिले, मार्गदर्शकांना दिलं. समितीने आज मान्य केलं, दोन जागी तांबडी शाई. चौथं तौलनिक प्रकरण काही केल्या आठवलं नाही. त्याबद्दल कुणी विचारलंही नाही.’

काकांनी ते पत्र ताईंना दाखवलं. ताई हसल्या, पण लगेच आवरल्या. “तरी चूक ती चूकच, काका.”

“कबूल.”

“पण तुमच्या चुकीतलं चांगलं तेवढं घेऊ. परत न मिळणाऱ्या संभाषणांच्या उत्तरात एक ओळ घालायची आहे. तुम्हीच लिहा.”

एका ओळीला काकांना संध्याकाळचे साडेपाच वाजले. शेवटी ती अशी झाली: ‘जे आठवतं ते आजच लिहून काढा, एखाद्या अनोळखी माणसाला समजावून सांगावं तसं. आम्हाला पाठवू नका, आपल्याजवळच ठेवा.’

चष्मेवालीने नियमाप्रमाणे वाचली. “‘पाठवू नका’ जरा तोडून टाकल्यासारखं वाटतं.”

“वाटू दे,” काका म्हणाले, आणि टेबल आवरायला लागले.