जहाज स्थिर करणारा कर्णधार

क्रीडापानाच्या संपादकांनी क्रिकेट सामन्याचा अनुवादित वृत्तान्त पाठवला. ‘‘दुपारपर्यंत वाचण्यासारखा करा. जमलं तर पुढचे लेखही तुमच्याकडे.’’

पहिलंच वाक्य होतं, ‘कर्णधाराने आपले डोके खाली ठेवले आणि जहाज स्थिर केले.’ अक्षरं तेवढी मराठी. मनवेलपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत मी खिडकी ते ओटा फेऱ्या मारत राहिलो. बायको म्हणाली, ‘‘बसा तरी, नाहीतर केर काढा.’’

शेवटी सुचलं: ‘चार गडी झटपट बाद झाल्यावर कर्णधार खेळपट्टीवर नांगर टाकून उभा राहिला.’ खुशीत मी ते बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी अख्खा सामना टीव्हीवर बघितला होता.

‘‘उभा कुठला? सारखा पळत होता तो. एकेक धाव चोरून समोरच्यांना दमवलं त्यानं. तू बघितलीस का मॅच?’’

‘‘नाही.’’

‘‘मग थापा कशाला मारतोस?’’

मी मूळ लेख पुन्हा उघडला. खाली एकेरी धावांबद्दल चांगलं लिहिलेलं होतं. माझ्याच वाक्याच्या प्रेमात मी ते गाळलं होतं. पुन्हा लिहिलं: ‘चार गडी झटपट बाद झाले, पण कर्णधार डगमगला नाही. चेंडू मोकळ्या जागेत ढकलत, एकेरी-दुहेरी धावा पळून काढत त्याने डाव सावरला.’

‘‘हां, असं झालं,’’ बाबा म्हणाले.

पाठवलं. संपादकांचं उत्तर आलं, ‘‘छान. आता फुटबॉलचा पाठवतो.’’

बाबा फुटबॉल बघत नाहीत. मी पुन्हा खिडकीशी गेलो.