न आलेल्या तक्रारी

सांगलीच्या ऑफिसात माझं काम तक्रारी घेण्याचं. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर आमच्या कंपनीचे बल्क कूलर आहेत. गोळा झालेलं दूध टँकर येईपर्यंत थंड ठेवायचं, एवढंच त्या यंत्राचं काम. ते बंद पडलं की केंद्रचालकाचा फोन मला येतो आणि त्याच्या तोंडून जे काय निघेल ते मी ऐकून घेते. मग तक्रार कॉम्प्युटरवर चढवते, ती त्या भागातल्या तंत्रज्ञाच्या मोबाइलवर जाते, तो दुरुस्ती करून ती बंद करतो. कोणी किती तक्रारी बंद केल्या यावर माणूस चांगला की वाईट ते ठरायचं. मला हे पहिल्यापासून पटलं नव्हतं, आणि न पटलेलं मी गिळत नाही, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे.

कवठे महांकाळचा आमचा तंत्रज्ञ या हिशेबात कायम तळाला. त्याची कामाची रीतच तशी होती. एका डेअरीवरून तक्रार आली की तो त्या रस्त्यावरच्या बाकीच्या डेअऱ्यांवरही थांबायचा. कंडेन्सरच्या जाळीवर बसलेली धूळ काढायची, व्होल्टेज बघायचं, पंख्याचा आवाज ऐकायचा, चहा प्यायचा आणि पुढं निघायचं. त्या बाजूला धूळ भरमसाट. जाळी बुजली की कॉम्प्रेसर तापतो आणि भर उन्हाळ्यात एक दिवस जळतो. तो जळायच्या आत हा तिथं जाऊन आलेला असायचा. पण तक्रार नाही म्हणजे नोंद नाही. दिवसभर उन्हातून फिरलेल्या माणसाच्या नावावर संध्याकाळी एकच काम दिसायचं.

मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, ही कामं कुठंतरी दाखवा की."

"तक्रारच न्हाई ताई," तो म्हणाला, "मग दाखवू काय?"

त्या वर्षी मार्चमध्ये साताऱ्याच्या विभागीय ऑफिसातून निरोप आला. प्रत्येक तंत्रज्ञाची पुढच्या वर्षाची उद्दिष्टं मोजता येतील अशी ठरवून पाठवा. जो पुन्हा तळाला राहील त्याची बदली. तळाला कोण, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं.

बदली त्याला चालण्यासारखी नव्हती. त्याच्या बायकोला पक्षाघात झाला होता. चालणं हळूहळू सुधारलं, पण उजव्या हाताची मूठ मिटली ती उघडेना. फिजिओथेरपीच्या बाईंनी सांगितलं होतं, रोज एकेक बोट सरळ करायचं, दुखलं तरी करायचं. ते काम तो करायचा. घरात सासूबाई होत्या, पण त्यांना मुलीचं कण्हणं ऐकवत नसे, त्या लगेच हात सोडायच्या. म्हणून कितीही लांब गेला तरी तो संध्याकाळी घर गाठायचाच.

साहेबांनी त्याला सांगलीला बोलावलं. साहेब म्हणजे आमचे शाखा व्यवस्थापक, माणूस सरळ. त्यांनी कॉम्प्युटर उघडला आणि पहिल्याच ओळीत लिहिलं, 'बंद केलेल्या तक्रारी, गेल्या वर्षापेक्षा जास्त.'

मी म्हटलं, "साहेब, जास्त तक्रारी येण्यासाठी याने मशिनी बिघडवायच्या का?"

साहेब हसले आणि ती ओळ खोडली. मग आम्ही तिघं दुपारपर्यंत बसलो. त्याच्या हातात काय आहे आणि काय नाही, ते आधी वेगळं केलं. लाइट गेली, सुटा भाग वेळेत आला नाही, तर तो दोष त्याचा धरायचा नाही. त्याच्या भागातली प्रत्येक मशीन तिमाहीला एकदा तपासायची, आणि त्या तपासणीची नोंद तक्रार नसतानाही घ्यायची. उन्हाळ्याआधी सगळ्या जाळ्या साफ. दुरुस्त केलेली मशीन त्याच बिघाडानं महिन्याच्या आत पुन्हा बंद पडली, तर ते त्याच्या खात्यावर. आणि सगळ्यांत मोठं वजन कशाला, तर वर्षभरात मशिनी मिळून किती तास बंद राहिल्या, ते गेल्या वर्षाच्या आकड्यापेक्षा कमी व्हायला हवेत.

त्यानं यादी वरपासून खालपर्यंत वाचली. शेवटी म्हणाला, "म्हंजी मी आत्ता करतोय त्येच की."

"तेच," मी म्हटलं, "फक्त आता ते दिसेल."

त्या दिवशी तो खुशीत होता. जाताना मला सांगून गेला, "मंडळींचा अंगठा सुटलाय ताई. परवा कपबशी धरली. सांडला थोडा चहा, पण धरली."

ते वर्ष माझ्या नोकरीतलं सगळ्यांत सुखाचं. कवठे महांकाळकडून फोन येणं हळूहळू थांबलंच. आष्ट्याहून फोन, विट्याहून फोन, शिव्या आपल्या चालूच. त्या बाजूनं मात्र शांतता. माझ्या कॉम्प्युटरवर त्याच्या पुऱ्या झालेल्या तपासण्या एकेक करून हिरव्या होत जायच्या आणि मी कौतुकानं बघत बसायची. वर्ष संपलं तेव्हा प्रत्येक उद्दिष्ट पुरं झालेलं. बंद राहिलेले तास निम्म्याच्याही खाली आले होते. साहेबांनी पेढे मागवले. मीही दोन खाल्ले.

साताऱ्याहून अभिनंदनाचा मेल आला. त्याच मेलमध्ये खाली लिहिलं होतं की या भागात बिघाड आता अत्यल्प असल्यानं तिथं पूर्णवेळ तंत्रज्ञाची गरज उरलेली नाही. तो भाग विट्याच्या तंत्रज्ञाकडं जोडावा, आणि या कुशल कर्मचाऱ्याला खंडाळ्याच्या बाजूला पाठवावं, तिथं मशिनी जुन्या आहेत.

मी तो मेल दोनदा वाचला. मग उठून साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि काय काय बोलले ते आता आठवत नाही. दार उघडं होतं आणि सगळ्यांनी ऐकलं. साहेब म्हणाले, मी मघापासून फोनवर तेच सांगतोय. बिघाड कमी आहेत कारण तिथं माणूस आहे, हे ते साताऱ्याला पुन्हा पुन्हा समजावत राहिले. तिकडून एकच उत्तर: आकडे तुम्हीच पाठवलेत. बायकोच्या आजारपणाचा त्याचा अर्ज जोडला, डॉक्टरांची चिठ्ठी जोडली. सहानुभूतीनं विचार करू, असं कळलं.

बदली टळली नाही, तो गेला. नोकरी सोडायची तर औषधपाणी कशावर करायचं? खंडाळा पार साताऱ्याच्या पलीकडं, रोज घर गाठणं अशक्य, म्हणून तिथंच खोली घेतली. रविवारी यायचं ठरवलं होतं, पण दुधाला कसला रविवार. महिन्यातून एखाद्या खेपेला यायचा.

आता खंडाळ्याकडच्या तक्रारी तो भराभर बंद करतो. जुन्या मशिनी रोज पडतात, रोज उभ्या राहतात. आणि कवठे महांकाळकडून पुन्हा मला फोन येऊ लागलेत. विट्याच्या तंत्रज्ञाला दोष देत नाही मी. तो बिचारा तक्रारींमागं धावतो, वाटेत थांबायला त्याला वेळच उरत नाही. त्याचेही आकडे हल्ली चांगले दिसतात.

यंदा साताऱ्याला वार्षिक मेळावा झाला. उत्कृष्ट तंत्रज्ञ म्हणून खंडाळ्याला गेलेल्या आमच्या माणसाचंच नाव पुकारलं. शाल, नारळ, काचेच्या चौकटीतलं प्रमाणपत्र. टाळ्या वाजवताना मला फार राग येत होता आणि रडूही येत होतं. जेवणाच्या रांगेत त्याला गाठलं. तो ताट न घेताच निघाला होता, कवठे महांकाळला जायला दुपारची गाडी धरायची होती.

मी विचारलं, "वहिनींचा हात कसा आहे?"

त्यानं प्रमाणपत्र काखेत धरलं. आपला उजवा हात माझ्यापुढं केला आणि मूठ घट्ट मिटून दाखवली.

"परत अशी झाली," तो म्हणाला. "अंगठा बी आत गेला."

मग त्यानं घड्याळात बघितलं आणि स्टँडकडं चालायला लागला.