नायट्रिकची बाटली

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी वाशीच्या एका नव्या कॉलेजात रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते. नेमणूक तात्पुरती, मार्चपर्यंतची. प्रयोगशाळेत एक अटेंडंट होते, त्यांना सगळे मामा म्हणायचे. खाडीकाठच्या गावातले, जमीन नव्या शहरासाठी गेली त्या बदल्यात ही नोकरी मिळालेली. मराठी चौथीपर्यंत शिकलेले. पण टाकाऊ रसायनांची विल्हेवाट मला त्यांच्याकडूनच कळली.

प्रॅक्टिकल संपलं की मामा बाटल्या वेगळ्या करायचे. उरलेल्या अ‍ॅसिडसाठी प्लॅस्टिकचा टब. आधी पाणी, मग त्यात बारीक धारेनं अ‍ॅसिड. उलट कधीच नाही. त्यावर धुण्याचा सोडा चिमूट चिमूट. फेस येणं थांबलं की लिटमसचा कागद बुडवून बघायचा आणि मगच मोरीत ओतायचं. स्पिरिट आणि अ‍ॅसिटोनचा कॅन वेगळा, क्लोरोफॉर्मचा वेगळा. महिन्यातून एकदा तुर्भ्याच्या एका कारखान्याचा टेम्पो ते कॅन न्यायचा.

"मोरीचं पानी आमच्या खाडीतच जातं, बाई," ते एकदा म्हणाले होते. "म्हनून येवढं बगायचं."

विद्यापीठाची समिती येणार होती, त्याच्या आदल्या दिवशी विभागप्रमुख आत आले. खिडकीखालचे कॅन आणि बाटल्या बघून कपाळाला आठ्या घातल्या.

"हे भंगाराचं दुकान कशाला? सगळं एकत्र करा, घट्ट बूच लावा आणि कपाटात टाका. वास यायला नको."

"साहेब, ह्या बाटलीत नायट्रिक अ‍ॅसिड हाय," मामा म्हणाले. "त्यात स्पिरिट चालत नाय."

"तुम्ही मला केमिस्ट्री शिकवणार?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "सर, दोन्ही एकत्र झालं तर तापेल. गॅस होईल."

सर माझ्याकडे वळले. "तुमची ऑर्डर मार्चपर्यंतच आहे ना, मॅडम?"

नायट्रिकमध्ये स्पिरिट पडलं की काय होतं, हे मी पोरींना फळ्यावर लिहून शिकवत होते. तरी गप्प बसले. सर समोर उभे राहिले, मामांनी नायट्रिकच्या बाटलीत स्पिरिट ओतलं, बूच लावलं, कपाट बंद केलं. सर केबिनमध्ये निघून गेले.

अर्ध्या तासानं कपाटातून फसफस ऐकू आली. मी प्रॅक्टिकलला आलेल्या पोरींना बाहेर काढत होते. तेवढ्यात मामा कपाट उघडायला धावले. बूच सैल करावं असं त्यांच्या मनात असेल. "मामा, नको!" असं मी ओरडले तेव्हा बाटली फुटली होती.

तांबूस धूर उठला. मी दाराजवळची गॅसची मुख्य चावी बंद केली, मामांना धरून बाहेर व्हरांड्यातल्या नळाखाली नेलं. अंगावरचा शर्ट कापून काढला. चेहरा, डोळा, हात. पंधरा-वीस मिनिटं नुसतं पाणी. ते ओरडत नव्हते, दात आवळून उभे होते. रिक्षा मिळाली तेव्हा शिपायाला त्यांच्याबरोबर दवाखान्यात पाठवलं.

खिडक्या बाहेरून उघडल्या. धूर पूर्ण विरेपर्यंत मी कोणाला आत जाऊ दिलं नाही. कोणी तरी लाकडाचा भुसा आणला, तो परत पाठवला. नायट्रिकवर भुसा पेट घेतो. वाळू मागवली. हातमोजे घालून कडेपासून मध्याकडे वाळू पसरली, मग सोडा. फेस बसल्यावर काचेसकट सगळं प्लॅस्टिकच्या सुपड्यानं बादलीत भरलं. लिटमस लाल झाला, आणखी सोडा टाकला. हे सगळं मी बिनचूक केलं. बाटली फुटायच्या आधी एक वाक्य दुसऱ्यांदा बोलायचं होतं, ते जमलं नाही.

समिती येऊन गेली, शेरा चांगला मिळाला. चार दिवसांनी सरांनी टाईप केलेला कागद पुढे केला. त्यात लिहिलं होतं: अटेंडंटने निष्काळजीपणे रसायने एकत्र केली. खाली साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती.

मी सही केली.

मामांच्या उजव्या डोळ्याची नजर जवळजवळ गेली. नोकरीवरून कमी केलं. मला एप्रिलमध्ये कायम केलं.

दोन-तीन वर्षांनी ते वाशीच्या मार्केटात भेटले. आपल्या भावाच्या कोळंबीच्या पाटीशी बसले होते. मान वळवून चांगल्या डोळ्यानं मला ओळखलं.

"बऱ्या हाव ना, बाई?"

"मामा, तो कागद..."

"माहीत हाय," ते म्हणाले. "पोरानं वाचून दाखवला." मग शेजारच्या गिऱ्हाइकाकडे वळून भाव सांगू लागले. मी कोळंबी घेतली नाही. थोडा वेळ तिथेच उभी होते. त्यांनी पुन्हा वर पाहिलं नाही.

पुढे मी तीस वर्षं शिकवलं. सुरक्षिततेचा तास दर वर्षी मीच घ्यायची. पोरी म्हणायच्या, मॅडम फार कडक आहेत.