टाचेपासून बोटांपर्यंत

माझं वजन जास्त आहे, पोट मोठं आहे, आणि मी योग शिकवते. पिरनवाडीतल्या आमच्या पुढच्या खोलीत मी व्हिडिओ करायला लागले, तेव्हा धाकटी जाऊ मोबाईल धरायची. ती मला फक्त छातीपर्यंतच घ्यायची.

"आक्का, खालचं कशाला दाखवायचं? लोक काय बी बोलत्यात," ती म्हणायची. मायेनंच म्हणायची. मी ऐकलंही.

मग गुंजीहून एका बाईंचा फोन आला. "बाई, तुमचा व्हिडिओ बघून वीरभद्रासन केलं, गुडघा लई दुखतोय. तुमचा पाय कुठं ठेवला ते दिसंनाच."

मी तो व्हिडिओ पुन्हा पाहिला. हात, चेहरा, मागचं कॅलेंडर, सगळं दिसत होतं. पाऊल नव्हतं. गुडघा घोट्याच्या वर राहावा, पुढं जाऊ नये, एवढंच तर शिकवायचं होतं! मला माझीच चीड आली. व्हिडिओ काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोफा व्हरांड्यात ढकलला. मोबाईल आडवा करून समोर ठेवला, स्टुलावर डबे रचून माझ्या कमरेइतक्या उंचीवर. खिडकी माझ्या पाठीमागं येत होती, मी काळी दिसत होते, म्हणून चटई आणि स्टूल दोन्ही फिरवलं. हात वर ताणून उभी राहिले, पाय फाकवले, मग आडवी झाले. दर वेळी जाऊ मोबाईलच्या पडद्यावर बघायची.

"बोटं कापली गेली, आक्का."

"मग स्टूल मागं घे."

शेवटी चित्रात माझ्या दोन्ही बाजूंना थोडी जागा उरली. तिथं फरशीवर खडूनं रेघा मारल्या.

पण मोबाईल लांब गेल्यावर आवाज विहिरीतून आल्यासारखा येऊ लागला, वर पंख्याची घरघर. जावेचा मोबाईल चटईशेजारी ठेवून त्यात फक्त आवाज घेतला. सुरुवातीला एक टाळी वाजवली, म्हणजे नंतर ती आवाज आणि चित्र त्या टाळीवर जुळवेल. पंखा बंद. दोन रजया दारावर टांगल्या. घामानं कुडता अंगाला चिकटला.

तेवढ्यात थोरले दीर आले. स्टुलाकडं, माझ्याकडं बघून म्हणाले, "एवढं सगळं दाखवायचं?"

"व्हय भावजी. पाऊल लपवलं तर दुसऱ्याचा गुडघा जातोय."

"लोक हसतील."

"हसू देत की. हसणाऱ्यांचा वर्ग न्हाय हा."

ते व्हरांड्यातल्या सोफ्यावर जाऊन बसले. मी वीरभद्रासनापासून सुरू केलं. पुढं वाकताना पोट आड आलं, तेव्हा थांबले नाही. पाय आणखी फाकवले, हातांखाली उशी घेतली, आणि मोठ्यानं सांगितलं, "माझ्यासारखं पोट असेल तर असं करा."

व्हिडिओ टाकला, तर त्याच्याखाली कुणीतरी लिहिलं, आधी स्वतः बारीक व्हा. जाऊ ते पुसायला निघाली. मी तिचा हात धरला. राहू दे म्हटलं. त्याच्याच खाली गुंजीच्या बाईंनी लिहिलं होतं, "उशी घेतली. जमलं."