चार टॅक्सी-पावत्या आणि एक लॉगबुक

सकाळपासून आभाळ ओथंबून आलेलं, पण पडायचं नाव नाही. हवा अशी चिकट की कागद हाताला चिकटावेत आणि डिंक मात्र वाळू नये. हिशेब खात्यातल्या बाई कोऱ्या कागदावर डिझेलच्या बारक्या पावत्या डकवत बसल्या होत्या. दौऱ्यावरून आलेल्यांची बिलं कापण्यात बावीस वर्षं गेली, म्हणून अख्खं ऑफिस त्यांना पाठीमागं 'कात्रीबाई' म्हणायचं. त्यांना ते ठाऊक होतं. कुठल्या पावतीवर तेलाचा डाग, कुठलीला तंबाखूचा वास. घरी गेल्यावर साबणानं हात घासल्याशिवाय त्या नातवाला कडेवर घेत नसत.

ड्रायव्हर दारात उभा राहिला. "ताई, माझं झालं का? आज पंचवीस तारीख."

आज हिशेब मिटला नाही, तर दौऱ्यासाठी आगाऊ घेतलेली बारा हजारांची सगळी उचल त्याच्या पगारातून कापली जाणार होती. पगार होता अठरा हजार.

"बस. बघते."

चार दिवसांचा दौरा, सोबत विक्रीचे मोठे साहेब. डिझेल पाच हजार दोनशे, टोल सातशे चाळीस, ड्रायव्हरचं लॉजिंग अठराशे, भत्ता बाराशे. पावत्या चोख. बेरीज आठ हजार नऊशे चाळीस. त्याखाली टॅक्सीच्या चार पावत्या, प्रत्येकी साडेबाराशेच्या. नंबर एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस. चार दिवसांत त्या टॅक्सीवाल्याला दुसरं गिऱ्हाईक म्हणून भेटलं नाही! अक्षर ऐटबाज, शाई हिरवी. हिरव्या शाईनं ऑफिसात एकच माणूस लिहितो.

"गाडी हाकणारा तू, आणि टॅक्सीत कोण बसलं रे?"

ड्रायव्हरनं मान खाली घातली. "साहेबांची आधीची उचल मिटली नाही, म्हणून त्यांना नवी मिळेना. माझ्या नावावर काढायला लावली. त्यातले पाच हजार पहिल्याच दिवशी घेतले आणि येताना या पावत्या दिल्या. डिझेलला माझ्या खिशातले एकोणीसशे चाळीस गेले, ताई. बिल पास झालं की तेवढे मिळतील म्हणाले."

बाईंनी मनाशी आकडे मांडले. टॅक्सी पास केली तर बिल तेरा हजार नऊशे चाळीस, वरचे एकोणीसशे चाळीस याला द्यायचे आणि साहेबांच्या पोटातले पाच हजार पचले. कापली तर यानंच उलट तीन हजार साठ भरायचे. किळस साहेबांची यावी त्याहून जास्त त्यांना स्वतःची आली. ड्रायव्हरच्या नावावर एवढी उचल कशाला, हा प्रश्न अर्जावर सही करताना त्यांना पडला होता. पण जेवणाची सुट्टी झाली होती आणि डबा उघडला होता.

त्या उठल्या. गाडीचं लॉगबुक काखेत मारलं आणि साहेबांच्या खोलीत शिरल्या.

साहेब घडी केलेल्या तिकिटाच्या कोपऱ्यानं दात कोरत होते. "या, कात्रीबाई! कोणाचं काय कापायचंय?"

"चारही दिवस ऑफिसची गाडी शहरात फिरली. रोजच्या किलोमीटरपुढं तुमची सही आहे. आणि त्याच चार दिवसांच्या या टॅक्सी-पावत्या. दोन्हीतलं खोटं कुठलं, तेवढं लिहून द्या. फाईलला लावते."

"अहो, बिलावर सही त्याची आहे. कापून टाका, तो भरेल."

"भरेल की. पण कापण्याचं कारण मला लिहावंच लागतं. लॉगबुकाचं पान जोडून, वरच्या साहेबांकडे."

तिकिटाचा कोपरा दातांतच राहिला. साहेबांनी तो थुंकला, टेबलावरच. मग पाकीट काढलं, बोटाला थुंकी लावून पाचशेच्या दहा नोटा मोजल्या आणि त्यांच्याकडे भिरकावल्या. "एवढ्याशा पैशांसाठी माणसांची नावं घाण करता तुम्ही! द्या त्या पावत्या इकडे."

"पावत्या फाईलमध्येच राहतात. नामंजूर म्हणून."

ओलसर नोटा दोन बोटांत धरून त्या बाहेर आल्या. ड्रायव्हरच्या हातात दिल्या. "यातले तीन हजार साठ कॅशियरकडे भर. पावती तुझ्या नावानं घे आणि मला आणून दे. उरलेले तुझे."

ड्रायव्हरनं नोटा घेतल्या, पण चेहरा उजळला नाही. "उद्यापासून ते मला गाडीवर ठेवतील का हो, ताई?"

बाईंनी बिलाचा फॉर्म पुढं ओढला. तो गेला आणि थोड्या वेळानं कॅशियरची पावती टेबलावर ठेवून परतला. त्यांनी फॉर्मवर लिहिलं: उचल बारा हजार, मंजूर खर्च आठ हजार नऊशे चाळीस, परत भरणा तीन हजार साठ, बाकी शून्य. हिरव्या शाईवर लाल रेघ मारली. उचलीच्या रजिस्टरात महिनाभरापूर्वीच्या स्वतःच्या सहीवर नजर गेली, तेव्हा पान झटकन उलटलं.

नळावर जाऊन हात धुतले, परत एकदा धुतले. मग डिंकाची बाटली हलवली आणि पुढच्या माणसाची तिकिटं कोऱ्या कागदावर डकवायला घेतली.