सगळ्यात वरची ऑर्डर

कोल्डिंग शहराबाहेरच्या किराणा गोदामात टोवे आमची पाळीप्रमुख होती. आधी ती आमच्यासारखाच माल उचलायची. पिठाचं पोतं उचलताना कंबर कुठे बोलते, हे तिला सांगावं लागत नसे.

काम असं: दुकानांच्या आणि खानावळींच्या ऑर्डरी रांगेने पडद्यावर येत. हात रिकामा झाला की सगळ्यात वरची घ्यायची आणि बॅटरीच्या गाडीवर फिरून माल जमवायचा. मोजणी व्हायची तासाला ऑर्डरीतल्या किती ओळी उरकल्या याची. मसाल्याची एक बरणी म्हणजे एक ओळ, तेलाचे वीस डबे म्हणजेही एकच ओळ. ही मोजणी ठरवणाऱ्याने तेलाचा डबा कधी उचलला नसावा.

त्या वसंतात वरून हुकूम आला: एक माणूस कमी करा, ज्याच्या ओळी सर्वांत कमी तो. तळाला एयनार होता. साठीला आलेला, बोलायला कमी. पण त्याला रिकामा उभा राहिलेला कुणी पाहिला नव्हता. टोवेला हिशेब पटेना. ती सकाळपासून पडद्याजवळ उभी राहू लागली.

बेकरीची पिठाची ऑर्डर वर यायची, कुणीतरी घ्यायचं आणि थोड्याच वेळात ती परत वर यायची. ऑर्डर सोडल्याचं कारण दिलेलं असायचं: बॅटरी संपली. टोवे चार्जिंगच्या जागी गेली. तिथे गाडी नाही, माणूस नाही. सोडणारा दर वेळी आमच्यातलाच मोर्टन. परत वर आलेलं पीठ दुसऱ्या कुणी घेतलं की पुढची हलकी, चहा-मसाल्याची ऑर्डर तो उचलायचा. आणि पीठ घ्यायचा एयनार, कारण त्याचा हात रिकामा झाला की तेच वर असायचं. ओळींत मोर्टन पहिला होता.

टोवेने त्याला बाजूला घेतलं.

"मोर्टन, तुझ्याच गाडीच्या बॅटरीला पिठाची अ‍ॅलर्जी आहे का?"

"जुन्या आहेत गं बॅटऱ्या. नव्या मागव."

गोदामप्रमुख थोर्किलकडे गेली, तर तो म्हणाला, "पहिल्या नंबरच्या माणसाची तक्रार घेऊन आलीस? ओळी बघ ना, टोवे."

मग तिने रांगच बंद केली. रोज पाळीआधी येऊन एकेका ऑर्डरीचं वजन बघायची, माल कुठल्या गल्लीत आहे, जमिनीलगत आहे की खांद्याच्या वर, हे बघायची आणि नावं टाकायची. कंबर मोडणारी प्रत्येकाला, पण लागोपाठ दोन कुणालाच नाही. हे काम सोपं नाही. दुपारी मोठी ऑर्डर आली की सकाळची सगळी मांडणी विस्कटायची आणि ती पुन्हा बसायची. पण आठवड्यात एयनार तळातून वर सरकला. मोर्टन घसरला आणि कुरकुरू लागला.

शुक्रवारी सकाळी आम्ही सगळे मिळून पाव-चीज खायचो. चारचौघांत सहकाऱ्याचं नाव घेऊन बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. टोवेनेही ती पाळली. कॉफी ओतता ओतता म्हणाली, "एक जण आपल्या वाट्याचा भार दुसऱ्यांवर टाकतोय. त्याला माहीत आहे तो कोण. त्याने आता नीट वागावं."

मोर्टनने पावाला लोणी लावलं. "कळलं का रे लोकहो?" म्हणून हसलासुद्धा. एयनारने अर्धं खाल्लेलं ताट बाजूला सारलं.

त्यानंतर एयनार आमच्याकडे येऊ लागला. "तुझी तेलाची दे मला." ऑर्डरीची चिठ्ठी त्याने स्कॅन केली की काम त्याच्या नावावर जायचं. टोवे पुढची वाटणी करण्यात बुडालेली. दिलेलं काम पूर्ण होतंय, एवढंच तिच्या पडद्यावर दिसायचं. कोण करतंय, हे तिने उघडून पाहिलं नाही. मोर्टन तर त्याला शोधून चिठ्ठ्या द्यायचा.

महिनाअखेरीस आकडे आले. एयनार पुन्हा तळाला, ओळी आधीपेक्षाही कमी. टोवे तसाच कागद हातात घेऊन गल्ल्यांमधून त्याला शोधत निघाली. तो तेलाच्या डब्यांशी सापडला.

"हे काय करून बसलास? ही तर मोर्टनची होती!"

"तू बोललीस ना त्या शुक्रवारी. मी हळू पडतो, माझं लोकांना उचलावं लागतं. म्हटलं फेडून टाकू."

"एयनार, अरे, मी मोर्टनबद्दल बोलत होते."

त्याने हातमोजे काढले. तिच्याकडे बघून जरासा हसला.

"माझ्यासाठी खोटं नको बोलूस, टोवे. मोर्टन पहिला आहे. सगळ्यांना माहीत आहे."

ती पुन्हा थोर्किलकडे गेली. त्याने ऐकून घेतलं. "चिठ्ठ्या त्याने स्वतःच घेतल्या ना?" म्हणाला. आणि वाटणी बंद करायला सांगितली, कारण तिच्या वाटणीच्या महिन्यात गोदामाची एकूण सरासरी उतरली होती.

एयनार नोकरीच्या शेवटच्या दिवशी पूर्ण पाळी भरून गेला. सोमवारी रांग पुन्हा सुरू झाली. बेकरीची पिठाची ऑर्डर वर होती. आम्ही सगळे पडद्यापुढे उभे होतो. कुणी हातमोजे नीट करत होतं, कुणी बॅटरीकडे बघत होतं. टोवे स्वतः गाडीवर चढली आणि पिठाच्या गल्लीत गेली.