पहिल्या कडीचा भार

रश्वान एल-मेल्ही अठ्ठावन्न वर्षांचा होता आणि जहाजावर सारंग होता, म्हणजे डेकवरच्या सगळ्या खलाशांचा मुकादम. इज्बत अल-बुर्ज या कोळ्यांच्या गावातल्या इतर पोरांसारखा तो सोळाव्या वर्षी समुद्रावर गेला आणि मग घरी फक्त सणाला आला. शाळा चार इयत्ता. पण साखळी, दोर, कप्पी याबाबत त्याला फसवणं कठीण. बायको इन्साफ म्हणायची, "या माणसाला मुलींच्या वाढदिवसाच्या तारखा आठवत नाहीत, पण कुठल्या जहाजाचा नांगर किती किलोचा ते विचारा." तक्रार खरी होती, रश्वानने ती कधी नाकारलीही नाही.

ही नोकरी शेवटची. अजून अकरा महिने नोकरी झाली की निवृत्तीवेतन. त्यासाठी खलाशाच्या वहीत प्रत्येक जहाजावरून उतरताना कप्तानाने लिहिलेला शेरा चांगला लागतो. एक वाईट शेरा असला तर या वयात दुसरं जहाज कोण देणार?

जहाज सुदानहून मेंढ्या घेऊन अकबाला आलं होतं. धक्का रिकामा होईपर्यंत किनाऱ्याजवळ, पन्नास मीटर पाण्यात नांगर टाकून उभं होतं. पहाटे उत्तरेचा वारा उठला, नांगर घसरला आणि जहाज कड्यावरून बाहेर सरकलं. त्या आखातात तळ असा एकाएकी खाली जातो की जिना उतरताना पायरीच नसावी तसं वाटतं. आता एकशे ऐंशी मीटर साखळी पाण्यात सरळ लोंबत होती आणि तिच्या टोकाला दोन टनांचा नांगर. तळ कुठेच नाही.

परत उथळ पाण्यात जाऊन नांगर टेकवावा, तर बंदराने मनाई केली होती. तळाशी विजेची केबल होती.

रश्वानने नांगराची साखळी ओढणारं विंच सुरू केलं. ते गुरगुरलं, किंचाळलं आणि जागचं हललं नाही. दाब वाढला की तेल परत सोडणारी झडप उघडली होती. त्याने ब्रेक आवळला, साखळीवर लोखंडी अडसर पाडला आणि मागे सरला.

कप्तान हिक्मत वरून खाली आला. अरवाद बेटाचा माणूस, हुशार, कॉलेजात शिकलेला आणि आपण हुशार आहोत हे विसरू न शकणारा. हातात सिगारेटचं पाकीट, पाकिटावर आकडे.

"ऐक. साखळी मीटरला तीस किलो, पाण्यातलं वजन धरलंय मी. एकशे ऐंशी मीटरची झाली पाच टन चारशे. नांगर दोन. सुरुवातीला सात टन चारशे, शेवटी नुसता नांगर, दोन टन. सरासरी चार टन सातशे. आपलं विंच पाच टनांचं. मग का उचलत नाही? झडप सैल आहे! बिशाय, झडप आवळ."

दुसरा इंजिनिअर बिशाय स्पॅनर घेऊन उभाच होता. त्याने रश्वानकडे पाहिलं.

"कप्तानसाहेब," रश्वान म्हणाला, "सरासरी बरोबर आहे तुमची. वर आणायला एकूण किती कष्ट पडतील, किती तेल जळेल, ते त्यातून निघतं. पण पहिला मीटर उचलताना सगळीच साखळी लोंबत असते. त्या घटकेला सात टन चारशे. सरासरी मधे कुठेतरी येईल, पण मधे पोचायचं कसं?"

"मला शिकवतोस?"

"नाही साहेब. मी तिथे उभा राहतो, म्हणून विचारतो."

"उभा राहणं तुझं कामच आहे. आवळ रे, बिशाय!"

रश्वान स्पॅनर आणि झडप यांच्या मधे जाऊन उभा राहिला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता आणि त्याची त्याला लाजही वाटत होती. पाच वर्षांपूर्वी इन्साफचा भाऊ जाबिर अशाच विंचपाशी होता. झडप आवळली होती. साखळीच्या भाराने मोटर उलटी फिरली आणि तिचं कवच फुटलं. इन्साफला रश्वानने सांगितलं होतं की जाबिर लगेच गेला. ते खरं नव्हतं. तो दोन तास बोलत होता.

"मी झडप आवळू देणार नाही," रश्वान म्हणाला. "हवं तर साखळी तोडा."

"नांगर गेला तर मालक माझी कातडी सोलेल! आणि मेंढ्यांना पाणी दुपारपर्यंतच आहे. हुकूम मोडतोयस, हे वहीत लिहीन मी."

"लिहा. पण आधी चार तास द्या."

हिक्मतने शिवी हासडली, पण चार तास दिले. दुसरा मार्ग त्यालाही दिसत नव्हता.

माल चढवायच्या विंचची तार रश्वानने कप्पीतून दुहेरी केली, तिचा आकडा साखळीच्या कडीत अडकवला. घर्षण वजा करून साडेतीन टनांची ओढ मिळाली. नांगराच्या विंचची पाच. दोन्ही एकदम ओढली, बिशायने हात खाली करताच. साखळी कुरकुरली. मग दोन मीटर वर आली. अडसर पाडला, आकडा सोडला, पुढच्या कडीत लावला. परत दोन मीटर.

"काका, असं चाळीस वेळा?" बिशाय घामाने निथळत होता.

"पंचेचाळीस. चाळिसाव्याला शंभर मीटर उरतील, म्हणजे नेमके पाच टन. काठावर विंच चालवायचं नाही मला."

"गणित घरी कोणी शिकवलं? इन्साफकाकूंनी?"

"तिने शिकवलं असतं तर तुझ्यासारखा चाळिसावरच थांबलो असतो."

प्रत्येक ओढीला साठ किलो कमी. पहिल्या दहा ओढींना फरकच कळेना, मग विंचचा सूर हळूहळू सैल झाला. पंचेचाळिसाव्या ओढीनंतर तार काढली. नांगराचं विंच एकट्याने फिरू लागलं, आणि जसजशी साखळी आत येत गेली तसतसं वेगाने. कोणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. खालच्या डेकवर मेंढ्या ओरडत होत्या. बेचाळीस मेल्या होत्या.

संध्याकाळी धक्क्याला लागल्यावर हिक्मतने रश्वानला केबिनमध्ये बोलावलं. चहा दिला, हेच वाईट लक्षण.

"मालक विचारतोय, उशीर का झाला, मेंढ्या का मेल्या. मी लिहिलंय की विंच तपासलेलं आणि ठीक होतं, वाऱ्यामुळे जास्त वेळ लागला. तू सही कर. वहीत मी 'उत्तम' लिहीन. दोघंही सुटू."

रश्वानने कागद दोनदा वाचला. वाचायला त्याला वेळ लागायचाच.

"विंच ठीक आहे म्हणून लिहिलं, तर ते उचललं नाही की माझ्या जागी जो येईल तो झडपच सैल समजून आवळेल साहेब. त्याला कोण सांगेल?"

"अरे, अकरा महिने राहिलेत तुझे!"

"माहीत आहे."

"घरी मुलींची लग्नं?"

"एकीचं व्हायचंय." त्याने कागद परत सरकवला. "मी सही करणार नाही."

हिक्मतने वही ओढली आणि खरोखर लिहिलं: हुकूम मानत नाही. शाई वाळेपर्यंत वही त्याने उघडीच ठेवली. रश्वानला वाटलं, आता फाडेल, आता खोडेल. हिक्मतने ती बंद केली आणि दिली, म्हणजे रश्वानने इथेच उतरायचं.

बिशायने शिडीवर गाठलं. "माफी मागायची होती ना एकदा! काय गेलं असतं?"

"माफी मागितली असती रे. पण त्याला माफी नको होती, सही हवी होती."

तीन दिवसांनी नवा सारंग आला, पोर्ट सईदचा, पिशवी खांद्यावर, घाईत. रश्वान अजून धक्क्यावरच होता, परतीच्या बोटीची वाट बघत. त्याने नव्या सारंगाला अडवलं.

"विंच पाच टनांचं आहे. ओढण्याआधी किती साखळी लोंबतेय ते मोज. नव्वद मीटरच्या वर असली तर मालाच्या विंचची तार जोडीला लाव, झडप आवळू नकोस."

"तुम्ही कोण?"

"आधीचा."

"ज्याला काढलं तो?" त्याने वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शिडी चढू लागला. तीन पायऱ्यांवर थांबून वळला. "नव्वद म्हणालात?"

"नव्वद," रश्वान म्हणाला.